पाच मोजेपर्यंत

हिराच्या नशिबात घोरणारे पुरुष दोन. आधी नवरा, मग मुलगा.

लग्न होऊन ती एडवणला आली तेव्हा सोळा वर्षांची होती. पहिल्याच रात्री रामूचं घोरणं ऐकून ती उठून बसली. कुडापलीकडून सासू म्हणाली, "झोप गो. दमलेला बाप्या घोरतो. न घोरणारा बाप्या होडीवर काय करत असंल, देव जाणे." किनाऱ्यावर तेव्हा असंच मानत. ज्याचं घोरणं वाळूवर सुकत घातलेल्या बोंबलांपर्यंत ऐकू जाई, तो कष्टाळू. बायका सकाळी पाणी भरताना एकमेकींना विचारत, काल कुणाचा जास्त घोरला म्हणून, आणि हसत.

पण रामू घोरता घोरता मधेच गप्प व्हायचा. गप्प म्हणजे श्वासही नाही. छाती वर जायची, पोट आत जायचं, नाकातोंडातून काही नाही. मग एकदम हिसडा देऊन तो हवा ओढायचा, जसा काही पाण्याखालून वर आलाय. चौथ्या दिवशी हिराने ते सासूला सांगितलं. सासूने तिला जाळं विणायची बांबूची सुई दिली. वीतभर लांब, वापरून वापरून मधासारखी पिवळी झालेली.

"तोंडानं हाक नाय मारायची," सासू म्हणाली. "झोपलेल्याचा जीव फिराया गेलेला असतो. नाव घेतलं का वाट चुकतो. नुसतं बरगडीत टोचायचं, आपसूक कुशीवर होतो. पाच मोजायचे. पाचात आला तर आला. नाय तर टोचायचं."

सासूही तेच करत आली होती आणि तिची सासूही. हिराने एकतीस वर्षं ते केलं. तिला त्यासाठी जागं राहावं लागत नसे. झोपेतच तिचा कान मोजायचा, झोपेतच हात जायचा.

होडीवर मात्र ती नव्हती. एका माघात माहीमच्या समोर नांगर टाकून माणसं झोपली, आणि पहाटे रामू उठला नाही. एकोणपन्नास वर्षांचा होता. होडीचा प्रमुख, तांडेल, स्वतः सांगायला आला. "वहिनी, झोपेतच गेला. हाक ना हूक. असं मरण पुण्यवानाला येतं." त्या एका वाक्यावर हिराने पुढची चोवीस वर्षं काढली. कुणी रामूचं नाव काढलं की ती म्हणायची, "झोपेत गेले ते, सुखानं गेले."

सुजीत तेव्हा एकोणीसचा होता. दर्यात मासळी आटत चालली होती, होडी मोडीत गेली. काही वर्षं इकडेतिकडे काढून तो तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कंपनीच्या गेटवर रखवालदार म्हणून लागला. लग्न झालं, बेटेगावात दोन खोल्या घेतल्या, आईला आणली. हिरा येताना आपली ट्रंक आणि ती सुई घेऊन आली. जाळं आता कुणी विणत नव्हतं. पण सुजीतचा गळा बापाचाच होता.

आठ वर्षं त्याची रात्रपाळी होती. संध्याकाळी आठ ते सकाळी आठ. सकाळी साडेआठला मोटारसायकल दारात लागायची, खाऊन तो दहाला आडवा व्हायचा. सून मंदा तोवर बोइसरला पॅकिंगच्या कामावर गेलेली असे. मग घरात हिरा आणि ते घोरणं, एवढंच. खिडक्यांना जुनी चादर लावून हिरा भिंतीशी बसायची. मांडीवर तांदूळ निवडायचं सूप, शेजारी सुई. घोरणं थांबलं की हात थांबायचा. एक, दोन, तीन, चार, पाच. टोच. सुजीत पुटपुटत कुशीवर व्हायचा. थोड्या वेळाने पुन्हा उताणा.

पण तिलाही दिवसाचं काम होतं. नळाला पाणी यायचं, दुपारी डोळा लागायचा. जेवढा वेळ ती उठून जाई तेवढा वेळ तो एकटाच बुडायचा आणि एकटाच वर यायचा.

संध्याकाळी पाचला उठायचा तो जणू कुणी मारून टाकल्यासारखा. तोंड कोरडं, डोकं जड. झोपेत चार चार वेळा लघवीला उठलेला. सात तास झोपून माणूस असा का उठतो, हे कुणालाच कळेना. चहाचा कप हातात धरून पेंगायचा. एकदा कप कलंडून मांडी भाजली.

"रात्री जागतो ना तो," मंदा म्हणायची. "शरीर थोडंच मानतं."

"बाकीचे जागत नाय का?" सुजीत स्वतःच म्हणायचा. "विनोद पण जागतो. सकाळी क्रिकेट खेळाया जातो तो. मीच आळशी हाय."

विनोद त्याचा गेटवरचा जोडीदार. त्याने सुजीतचं नाव रेडिओ ठेवलं होतं. "रेडिओ लागला का कळतं, आता दोन वाजले," असं तो सगळ्यांना सांगायचा, पण साहेबांची गाडी दिसली की त्याला हलवून उठवायचाही.

त्या पावसाळ्यात विनोद आठ दिवस गावी गेला. त्याच्या जागी कुणी मिळालं नाही, सुजीत गेटवर एकटा. पहाटे तीनला बाहेर ॲसिडचा टँकर येऊन उभा राहिला. ड्रायव्हरने हॉर्न दिला, मग पुन्हा दिला, मग उतरून गेटवर दगड वाजवला. "कुंभकर्ण बिठाया है क्या?" म्हणून तो ओरडला, तशी आतल्या प्लांटमधली माणसं जमली. खुर्चीत मान मागे टाकून सुजीत झोपला होता, तोंड उघडं. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. सकाळी तो सगळ्यांच्या फोनवर होता.

रखवालदारांचा प्रमुख खंडेराव. फौजेतून निवृत्त, साताऱ्याकडचा, बोलायला खडा पण उगाच कुणाच्या पोटावर पाय देणारा नव्हे. त्याने सुजीतला केबिनमध्ये उभा केला.

"ही तिसरी वेळ. दोनदा मी लिहिलं नाही, कारण तू पीत नाहीस. खरं सांग, दिवसा दुसरीकडे काम करतोस?"

"नाय साहेब. दिवसभर झोपतो."

"सात तास झोपून गेटवर झोपतोस? मग एक तर तू खोटं बोलतोस, नाहीतर तुला काहीतरी झालंय." खंडेरावाने व्हिडिओ पुन्हा लावला. घोरणं, मग शांतता, मग तो हिसडा. तो बराच वेळ बघत राहिला. "डॉक्टरकडे जा. आजार असेल तर कागद आण. कागदावर आजार निघाला, तर मी वर बोलून तुला दिवसपाळी देववतो आणि उपचाराला वेळही. नाही निघाला, तर ड्यूटीवर झोपला म्हणून काढावं लागेल. पंधरा दिवस."

सुजीतने घरी येऊन ते जसंच्या तसं सांगितलं. हिराने मनात धरलं ते एवढंच, की कागदावर आजार निघायला हवा.

पालघरच्या हॉस्पिटलात छातीच्या डॉक्टर होत्या, किंजल नावाच्या. वयाने लहान, बोलणं शांत. त्यांनी सुजीतला विचित्र प्रश्न विचारले. बसून वाचताना डुलकी लागते? एसटीत? कुणाशी बोलता बोलता? गाडी सिग्नलला थांबली तर?

"गाडी चालवताना पण लागते," सुजीत खाली बघत म्हणाला. "मागल्या महिन्यात बेटेगावच्या वळणावर गवतात गेलो."

मंदाने त्याच्याकडे पाहिलं. हे तिला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी टेपने त्याची मान मोजली, त्रेचाळीस सेंटीमीटर भरली. रक्तदाब वाढलेला. तोंड उघडायला लावून बॅटरी मारली आणि मंदालाही दाखवलं. जीभ जाड, पडजीभ लोंबलेली, मागे घशाची वाट दिसतच नव्हती. "जागेपणी स्नायू ही वाट उघडी धरतात," त्या म्हणाल्या. "झोपेत ते सैल पडतात. वाट अरुंद झाली की हवा फडफडते, ते घोरणं. पूर्ण मिटली की श्वास बंद. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून जागा होतो, वाट उघडतो. तुम्हाला ते जागं होणं आठवतही नाही. पण असं रात्रभर, म्हणजे तुमचं दिवसभर, शेकडो वेळा झालं तर ती झोप नव्हेच."

स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, करायची ठरली. हॉस्पिटलातल्या खोलीची यादी लांब होती आणि पंधरा दिवसांची मुदत चालली होती. म्हणून आधी घरी लावायचं छोटं यंत्र दिलं. नाकात नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा. तंत्रज्ञ समिधाने ते कसं बांधायचं हे मंदाला दाखवलं. "रात्रपाळी आहे ना, मग झोपता तेव्हाच लावा, सकाळी. वेगळं काही करू नका. अगदी रोजच्यासारखं झोपा."

त्या बुधवारी मंदाने कामावर जाण्याआधी यंत्र बांधलं. "आय, लक्ष ठेव ह्यांच्याकडं," म्हणाली आणि गेली.

हिराने लक्ष ठेवलं. इतकं लक्ष तिने आयुष्यात कधी ठेवलं नव्हतं. त्या दिवशी तिने सूप घेतलं नाही, नळाचं पाणी सोडलं, जेवलीही नाही. एवढं यंत्र बांधलंय तर आजच काही होईल, असं तिला वाटत राहिलं. ती अगदी जवळ सरकून बसली, सुई हातातच. घोरणं थांबलं की मोजायची, आणि पाचापर्यंतही तिला धीर निघेना. तीन, चार, टोच. तो कुशीवर झाला की पाठीशी उशी खोचायची, म्हणजे उताणा होऊ नये. दहापासून पाचपर्यंत, सात तास, तिने त्याचा एक श्वास बुडू दिला नाही.

त्या दिवशी सुजीत उठला तो बरा दिसत होता. "आज जरा हलकं वाटतं," म्हणाला. हिराला बरं वाटलं.

अहवाल शनिवारी सकाळी सुजीतच्या फोनवर आला, तो पाळीवरून निघतच होता. इंग्रजीत दोन पानं. मधे ठळक एक आकडा होता, सहा. समोर लिहिलं होतं, सौम्य. डॉक्टरांना दाखवून घ्यावं, एवढं त्याला सुचलं नाही. मुदत सोमवारी संपत होती, आणि कागद आणायला सांगितलं होतं म्हणून त्याने तो तिथूनच खंडेरावाला पाठवला. खंडेरावाने स्वतःच्या मुलीकडून वाचून घेतला. तासाला श्वास पाचाहून कमी वेळा अडला म्हणजे निरोगी, पंधरापर्यंत म्हणजे किरकोळ. सहा.

सोमवारी त्याने सुजीतला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं, हेच वाईट होतं.

"तुझ्यासाठी मी वर शब्द टाकला होता, सुजीत. आता हा कागद घेऊन मी काय सांगू? सहा म्हणजे काहीच नाही. ते म्हणतात, असं तर आमचा मॅनेजर पण घोरतो."

गणवेश, शिट्टी आणि टॉर्च तिथेच ठेवून सुजीत परत आला. दारात बसून बूट काढताना म्हणाला, "बघ आय. मी म्हणत होतो ना. आजार-बिजार काय नाय. मी कामचुकारच हाय. यंत्रानं सांगितलं."

मंदा त्याच्यावर ओरडली, मग रडली. हिराच्या डोक्यात त्या बुधवारचं काहीतरी अडकलं होतं, पण त्याला तोंड फुटत नव्हतं. ते फुटलं गुरुवारी, पालघरला.

डॉक्टर किंजलनी अहवाल समोर धरला, सुजीतकडे पाहिलं, पुन्हा अहवालाकडे. "हे जुळत नाही. ही मान, हा रक्तदाब, गाडी गवतात गेली, आणि आकडा सहा? झोप लागली होती का नीट?"

"लागली. बरी लागली उलट."

"रोजच्यासारखीच झोपलात?"

"रोजच्यासारखीच."

"घरी कोण होतं त्या वेळी?"

हिरा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाली, "मी होते." मग तिने सगळं सांगितलं. सुई, पाच मोजणं, कूस, उशी. सांगताना तिने पदराच्या गाठीतून सुई काढून टेबलावर ठेवली, साक्ष म्हणून.

डॉक्टरांनी सुई हातात घेतली. रागावल्या नाहीत. "आजी, श्वास दहा सेकंद बंद राहिला तरच यंत्र तो मोजतं. तुम्ही त्याला बहुतेक वेळा दहापर्यंत पोचूच दिलं नाही. कुशीवर झोपवलं, त्याने घशाची वाट बरीच उघडी राहते. हे साधं यंत्र, त्याला कूस कळत नाही, मेंदू मधेच उठला तेही कळत नाही. त्याला दिसला फक्त चालू श्वास."

"म्हंजे माझ्यामुळं..."

"तुमच्यामुळे तो बुधवारचा दिवस बरा झोपला," डॉक्टर म्हणाल्या. पण हिराला दुसरा अर्धाही ऐकू आला, जो त्या बोलल्या नाहीत.

सुजीतने आईकडे पाहिलंच नाही. "आय सोडवाया बघते मला," तो म्हणाला. "लहानपणी शाळेत पण अशीच येऊन सांगायची, पोराला ताप होता म्हणून."

डॉक्टरांनी कुणालातरी फोन करून पुढच्या मंगळवारची जागा मिळवली. हॉस्पिटलात, दिवसा, पूर्ण तपासणी.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता समिधाने काळे पडदे ओढलेल्या खोलीत सुजीतला खाटेवर बसवलं. तास गेला तारा लावण्यात. डोक्यावर फीत धरून खुणा केल्या, कातडी घासली, चिकट लगदा लावून बिल्ले बसवले. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला, पोटऱ्यांना, छातीला. मानेवर घोरणं ऐकणारा छोटा माइक. छातीला आणि पोटाला दोन पट्टे. नाकात नळी, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. सगळ्या तारा एका पेटीत. मग शेजारच्या खोलीतून समिधाचा आवाज आला, डोळे डावीकडे न्या, उजवीकडे, गिळा, पाय हलवा. "आता जरा घोरून दाखवा."

"मुद्दाम नाय येत ओ," सुजीत म्हणाला. सगळ्या दिवसात तेवढंच कुणी हसलं.

हिराला बाहेर बाकावर बसायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला दिसूंद्या. हात नाय लावत. शपथ घेते." समिधाने तिला शेजारच्या, संगणकाच्या पडद्यांच्या खोलीत स्टुलावर बसवलं. "हात मांडीवर ठेवायचे, आजी. काहीही दिसलं तरी दार उघडायचं नाही. धोका वाटला तर मी जाईन. मी सगळं बघते आहे."

काळोखातला सुजीत एका चौकटीत राखाडी दिसत होता. दुसऱ्या पडद्यावर ओळीच ओळी धावत होत्या. समिधाने बोट ठेवून सांगितलं, ही मेंदूची, ही नाकातली हवा, हे छाती आणि पोट, हा प्राणवायू, शंभरातले शहाण्णव.

दहा मिनिटांत तो झोपला. अर्ध्या तासात उताणा झाला. घोरण्याची ओळ जाड झाली, आणि मग नाकातल्या हवेची ओळ सरळ झाली, भरती गेल्यावरच्या वाळूसारखी सपाट. हिरा मोजू लागली. एक, दोन, तीन, चार, पाच. हात मांडीवरून उठला. समिधाने न बघताच तो धरला.

सहा, सात. पाचाच्या पुढे हिराने कधी मोजलंच नव्हतं. छाती आणि पोटाच्या ओळी मात्र थांबल्या नव्हत्या, उलट वाढत होत्या, एक वर तर दुसरी खाली.

"बंद दाराला धक्के देतंय शरीर," समिधा हळूच म्हणाली. "हवेला आत जायला वाट नाही."

वीस. तीस. शहाण्णवचे नव्वद झाले, मग चौऱ्याऐंशी. एक्केचाळीसला मेंदूच्या ओळीत झुंबड उडाली, सुजीतचं सगळं अंग उसळलं, आणि त्याने हवा ओढली. आकडा चढेपर्यंत तो परत झोपलाही होता. आणि ओळ पुन्हा सपाट.

असं दोन तास चाललं. मधे एकदा डोळ्यांच्या ओळी इकडून तिकडे धावू लागल्या. स्वप्न पडतंय, समिधा म्हणाली. स्वप्नात अंगाचे सगळे स्नायू सुटतात, तेव्हा सगळ्यात वाईट असतं. हिरा एकाहत्तरपर्यंत मोजत गेली. प्राणवायू चौसष्टवर उतरला. चौकटीतला राखाडी सुजीत हात पाय न हलवता छातीने झगडत होता, आवाज न करता. अगदी हाक ना हूक.

तेव्हा हिराला होडी दिसली. माहीमसमोर नांगरलेली, शेजारी चार माणसं गाढ झोपलेली, आणि त्यांच्यामधे रामू. बंद दाराला धक्के देणारा.

"माझे यजमान झोपेत गेले," ती म्हणाली. "होडीवर. सगळे म्हणाले, सुखानं गेले."

समिधाने पडद्यावरून नजर काढली. "कशाने गेले, ते आता कुणाला सांगता येईल, आजी?" ती म्हणाली. पण हिराला सांगायची गरज उरली नव्हती. चोवीस वर्षं जपलेलं ते एक वाक्य तिच्या हातातून सुटून गेलं होतं, आणि त्या जागी धरायला दुसरं काही नव्हतं.

दोन तास पुरे झाले, तेव्हा समिधा आत गेली आणि तिने सुजीतच्या नाकावर मुखवटा बांधला. यंत्र नळीतून हवेचा दाब देत होतं. तो दाब घशाची वाट आतून उघडी धरतो. समिधा इकडून बटणाने एकेक पाऊल वाढवत गेली. पाच, सात, नऊ. अकराला घोरण्याची ओळ मिटली. सगळ्या ओळी संथ चालू लागल्या, ओहोटीच्या खाडीसारख्या. आकडा पंच्याण्णववर टेकला आणि तिथेच राहिला. सुजीत तीन तास हलला नाही. उठला तेव्हा भिंतीकडे बघत बसला. मग म्हणाला, "किती वर्षं झोपलो?"

दुसऱ्या अहवालात आकडा होता अठ्ठावन्न. समोर तीव्र. खाली डॉक्टर किंजलनी आपल्या हाताने लिहिलं, पहिली तपासणी ग्राह्य धरू नये, उपचार चालू आहे, यंत्र रोज वापरल्यास काही आठवड्यांत कामाला योग्य. हॉस्पिटलने मुखवट्याचं एक वापरलेलं यंत्र सहा महिन्यांकरता दिलं.

तो कागद घेऊन सुजीत गेटवर गेला. हिरा हट्टाने मागे बसून गेली. गेटवरच्या खुर्चीत नवा माणूस होता, त्याने त्यांचं नाव वहीत लिहून घेतलं. कुणाकडे, काय काम.

खंडेरावाने कागद दोनदा वाचला. चष्मा काढला.

"पहिल्या कागदावर काही नाही. दुसऱ्यावर इतकं आहे. मी कुठला वर पाठवू?"

"डॉक्टरीणबाईंनी खाली लिवलंय," हिरा म्हणाली. "चूक माझी हाय, साहेब. मी टोचत होते."

"मावशी, माझा विश्वास आहे. पण हे असं लिहून पाठवता येतं का, की आईने सुई टोचली?" तो सुजीतकडे वळला. "पहिल्यांदा हा आणला असतास तर मी भांडलो असतो. तेव्हा तू माझा माणूस होतास. आता तू बाहेरचा, आणि बाहेरून मी कुणाला घ्यायचं तर तासाला अठ्ठावन्न वेळा श्वास बंद पडणारा माणूस ॲसिडच्या गेटवर? काही झालं तर सही माझी." मग म्हणाला, "दुसरीकडे जाशील तिथे हा कागद दाखवू नकोस. आणि तो व्हिडिओ... तो सगळ्या वसाहतीत फिरलाय रे."

परतताना बेटेगावच्या वळणावर सुजीतने गाडी हळू केली. तो आता पूर्ण जागा होता. रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा चुकवत होता.

आता सुजीत रात्री झोपतो, सगळ्या जगासारखा. मुखवटा बांधतो, बटण दाबतो, आणि घर गप्प होतं. यंत्राची बारीक फुस्स एवढीच. सकाळी सहाला ताजा उठतो. डोकं दुखत नाही, रक्तदाब उतरलाय. मग बोइसरच्या नाक्यावर जाऊन रोजंदारीच्या माणसांत उभा राहतो. कधी काम मिळतं, बरेचदा अकरा वाजता परत येतो आणि ओट्यावर बसतो, टक्क डोळ्यांनी. पूर्वी बसल्या जागी पेंगायचा. आता पेंग येत नाही, त्यामुळे दिवस संपता संपत नाही. मंदा दोन पाळ्या करते आणि घरी येऊन ती भिंतीला टेकून झोपते.

एका संध्याकाळी हिरा यंत्राची हवा ओलसर ठेवणाऱ्या डबीत उकळून गार केलेलं पाणी भरत होती. ते रोजचं काम तिने आपल्याकडे घेतलं होतं. सुजीत मागे येऊन उभा राहिला. कधीपासून त्याच्या मनात असावं.

"आय, त्या बुधवारी तू मला का टोचत बसलीस?"

"श्वास थांबलेला बघवत नाय, पोरा."

"एक दिवस बघायचा होतास," तो म्हणाला. रागाने नाही. "एकच दिवस."

तो ओट्यावर जाऊन बसला. हिराने डबीचं झाकण लावलं, यंत्रात सरकवली, ती खट्‌कन बसली की नाही ते दोनदा पाहिलं. सुई खुंटीवरच्या पिशवीत होती. ती टाकून द्यावी असं तिच्या रोज मनात येई. पण बेटेगावात वीज जाते, कधी तासभर, कधी रात्रभर. आणि वीज गेली की यंत्र बंद पडतं.